आय-बीममध्ये शिअर वेबच का घेतो? एका डाळ मिलच्या गर्डरचा हिशेब

प्रश्न: सर, लातूर एमआयडीसीत एका डाळ मिलसाठी बिनचा प्लॅटफॉर्म करतोय. आयएसएमबी ३०० चे गर्डर आहेत, दोन कॉलममधलं अंतर ३.६ मीटर. बिनचे दोन पाय गर्डरच्या दोन्ही टोकांपासून ९०० मिमीवर बसतात, एका पायावर साधारण १० टन. धूळ ओढणारा डक्ट न्यायला वेबमध्ये १५० बाय १५० चं भोक पाडायचंय, कॉलमपासून ४५० मिमीवर. आमचा मिस्त्री म्हणतो, ‘ताकद सगळी फ्लँजमध्ये, वेब नुसता मधला पत्रा, बिनधास्त पाडा.’ डिप्लोमाला शिकलो होतो की शिअर वेब घेतो. पण फ्लँजमध्ये वेबपेक्षा जास्त लोखंड असताना असं का, ते कधी नीट कळलं नाही. दोघांत बरोबर कोण?

उत्तर: तिथं भोक पाडू नका. मिस्त्रीचं म्हणणं वाकण्यापुरतं, म्हणजे बेंडिंग मोमेंटपुरतं बरोबर आहे, शिअरला ते लागू होत नाही. आणि तुम्ही सांगितलेल्या जागी शिअर पुरेपूर आहे. तेच भोक तुमच्याच गर्डरवर मीटरभर पुढं सरकवलं, तर मी हरकत घेणार नाही. असं का, हे तुमच्याच गर्डरवर आकडे मांडून सांगतो.

आधी गर्डर मोजून घेऊ. जुन्या हँडबुकप्रमाणे आयएसएमबी ३०० ची उंची ३०० मिमी, फ्लँज १४० मिमी रुंद आणि १२.४ मिमी जाड, वेब ७.५ मिमी जाड. कोपऱ्यांतली गोलाई आणि फ्लँजचा उतार सोडून देऊन तीन सरळ पट्ट्या धरल्या, तर दोन फ्लँजचं मिळून क्षेत्रफळ ३४७२ चौमिमी येतं आणि वेबचं २०६४. म्हणजे तुमचा मुद्दा खरा, लोखंड फ्लँजमध्येच जास्त आहे. मोमेंट ऑफ इनर्शिया ८४८७ सेमी⁴ येतो. हँडबुकात ८६०३ आहे, तो थोडा फरक त्या गोलाईचा. या I मधला जवळपास ८५ टक्के वाटा फ्लँजचा आहे, कारण ते मध्यापासून लांब आहेत. म्हणून मोमेंटचाही ८५ टक्के भार तेच उचलतात. मिस्त्रीला अनुभवानं जे माहीत आहे ते हेच.

आता भार. दोन्ही पायांवर १०-१० टन, म्हणजे सुमारे १०० किलोन्यूटन. दोन्ही कॉलमवर तेवढीच प्रतिक्रिया. कॉलमपासून पहिल्या पायापर्यंतच्या ९०० मिमीत शिअर सगळीकडे १०० किलोन्यूटन आहे. दोन पायांच्या मधल्या १८०० मिमीत गर्डरचं स्वतःचं वजन सोडलं तर शिअर शून्य. मोमेंटचं चित्र याच्या उलट. कॉलमपाशी शून्य, पायाखाली येईपर्यंत वाढत वाढत ९० किलोन्यूटन-मीटर, आणि तिथून दुसऱ्या पायापर्यंत एकसारखा ९०.

इथं थोडं थांबा आणि वरच्या फ्लँजकडं एकट्याकडं बघा, जणू तो वेबपासून सुटा आहे. कॉलमपाशी त्याचं टोक मोकळं आहे, हवेत संपतं, त्यामुळे त्यात आडवा दाब काहीच नाही. पायाखाली पोचेपर्यंत मात्र त्याला ९० च्या ८५ टक्के, म्हणजे ७६ किलोन्यूटन-मीटर मोमेंटमधला आपला वाटा उचलायचाय. वरच्या आणि खालच्या फ्लँजच्या मध्यांतलं अंतर २८७.६ मिमी. भागून बघा, वरच्या फ्लँजमध्ये २६५ किलोन्यूटन दाब येतो आणि खालच्यात तेवढाच ताण. सव्वीस टनांहून जास्त. नऊशे मिमीच्या प्रवासात या फ्लँजमध्ये एवढं बळ भरलं कुठून? बिनचा पाय तर त्याला फक्त खाली दाबतोय, आडवं ढकलत नाही. टोकाला कुणी धरलेलं नाही. वरचा पृष्ठभाग मोकळा, दोन्ही बाजूंच्या कडा मोकळ्या. फ्लँज चिकटलेला आहे तो फक्त ७.५ मिमी जाडीच्या वेबला. त्या अरुंद रेषेतूनच, मिमीमागे थोडं थोडं करत, सगळे सव्वीस टन आडवे आत ढकलले जातात.

२६५ किलोन्यूटनला ९०० नं भागलं की दर मिमीला २९४ न्यूटन येतात. पुस्तकात याला शिअर फ्लो म्हणतात. तो ७.५ मिमी रुंदीतून जातो, म्हणून तिथला शिअर स्ट्रेस ३९ न्यूटन प्रति चौमिमी. हेच पुस्तकातल्या सूत्रानं काढता येतं:

```
τ = V Q / (I b)
```

यातला V म्हणजे त्या जागचा शिअर, Q म्हणजे त्या रेषेच्या बाहेरच्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्याचं न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर, आणि b म्हणजे त्या रेषेवरची रुंदी. मुलं हे सूत्र पाठ करतात, पण ते मुळात आडव्या सरकण्याचं आहे हे ध्यानात घेत नाहीत. हे सूत्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते रशियाचे रेल्वे अभियंते झुराव्स्की एकोणिसाव्या शतकात लाकडी पुलांवर काम करत होते. लाकूड शिरांच्या बाजूनं सहज फाटतं, त्यामुळे तुळईतलं आडवं सरकणं तिथं दुर्लक्षून चालत नाही. घरी बघायचं असेल तर दोनशे पानी वही दोन्ही हातांत धरून वाकवा. पानांच्या कडा एकमेकांवरून सरकून पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. तीच पानं डिंकानं चिकटवली तर वही वाकायला तयार होत नाही. आय-बीममध्ये डिंकाचं काम वेब करतो.

तुम्ही म्हणाल, हा तर आडवा शिअर झाला. उभ्या शिअरचं काय? वेबमधला एक बारीक चौकोनी तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वरच्या बाजूवर ३९ चा स्ट्रेस डावीकडं आणि खालच्या बाजूवर तेवढाच उजवीकडं असेल, तर तो तुकडा गरगर फिरायला हवा. तो फिरत नाही, म्हणजे त्याच्या उभ्या दोन बाजूंवर तेवढाच स्ट्रेस उलट्या दिशेनं फिरवत असला पाहिजे. आडवा आणि उभा शिअर नेहमी जोडीनं आणि सारखेच येतात. म्हणून जिथं आडवा फ्लो जातो तिथंच उभा शिअर तयार होतो, आणि आडवा फ्लो तर सगळा वेबमधूनच चाललाय.

आता जोडापासून वेबमध्ये खाली न्यूट्रल ॲक्सिसकडं येऊ. वाटेत वेबचा स्वतःचा अर्धा भागही मोमेंटमधलं आपलं १५ टक्क्यांतलं बळ त्यात घालतो, त्यामुळे फ्लो थोडा वाढतो. पण वाढ लहान. २९४ वरून तो ३७८ न्यूटन प्रति मिमीवर जातो आणि स्ट्रेस ३९ वरून ५०.४ वर. न्यूट्रल ॲक्सिसच्या खाली तो तसाच उतरत परत ३९ वर येतो. म्हणून वेबमधला आलेख परवलय असला तरी जवळपास सपाट दिसतो. आयताकृती तुळईत तोच शून्यातून सुरू होऊन शून्यावर संपतो, इथं तो मुळातच ३९ च्या ओट्यावर उभा आहे. तो ओटा फ्लँजनं दिलेला आहे.

उभं बळ किती झालं ते आता सोपं. वेबमधला सरासरी स्ट्रेस ४६.७, वेबचं क्षेत्रफळ २०६४, गुणाकार ९६.३ किलोन्यूटन. शंभरातले ९६ वेबनं घेतले. फ्लँजच्या वाट्याला सूत्राप्रमाणे पावणेचार उरतात. फ्लँजमध्ये लोखंड जास्त असूनही असं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच गुणाकारात आहे. उभं बळ म्हणजे फ्लो गुणिले तो ज्या उंचीत पसरलाय ती उंची. वेबमध्ये तो २७५ मिमी उंचीत आहे. फ्लँजची उंची जेमतेम १२.४ मिमी, आणि त्यातही वरच्या कडेला स्ट्रेस शून्य. लोखंड कितीही असू द्या, ते आडवं पसरलेलं आहे. उभ्या बळाला उभी पट्टी लागते.

मग फ्लँजमध्ये शिअर नाहीच का? आहे, पण तो आडवा वाहतो. आपल्याकडं पावसाळ्यात शिवारातलं पाणी कसं जातं ते आठवा. बांधापाशी पाण्याची धार दिसतही नाही, पुढं सरीसरीतलं पाणी मिळत जातं, आणि दोन्ही बाजूंचे ओहोळ नाल्याला येऊन मिळतात. फ्लँजच्या मोकळ्या कडेला फ्लो शून्य असतो, वेबकडं येताना तो एकसारखा वाढत जातो आणि मध्यावर प्रत्येक बाजूनं १४७ न्यूटन प्रति मिमी होतो. दोन बाजूंचे १४७ मिळून २९४, आणि तेवढेच वेबमध्ये उतरतात. नाल्यात पाणी जेवढं येतं तेवढंच पुढं जातं, तसंच इथं. १२.४ मिमी जाडीत १४७ म्हणजे स्ट्रेस साधारण १२. वेबच्या ५० पुढं तो लहानच. डाव्या आणि उजव्या पंखातले फ्लो एकमेकांच्या विरुद्ध असल्यानं त्यांची बळं एकमेकांना मारतात. चॅनलमध्ये फ्लँज एकाच बाजूला असतात, तिथं वरच्या आणि खालच्या फ्लँजमधली आडवी बळं मिळून पीळ देतात. चॅनलच्या पर्लिन मधोमध भार देऊनही वळतात, त्याचं मूळ इथं आहे.

सूत्राची एक मर्यादा इथंच सांगून टाकतो, कारण परीक्षेच्या आकृतीमुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. जोडावर रुंदी १४० धरली तर स्ट्रेस २.१ येतो, ७.५ धरली तर ३९. आकृतीत त्या जागी आलेख एकदम उडी मारतो. लोखंडात अशी उडी नसते. सूत्र रुंदीभर सरासरी काढतं, आणि फ्लँजमध्ये ती सरासरी खोटी आहे. वेबच्या बाहेर आलेल्या पंखाची खालची बाजू हवेत आहे, तिथं उभा शिअर शून्यच असणार. जे काही आहे ते वेबच्या डोक्यावरच्या थोड्याशा भागात, गोलाईजवळ गोळा झालेलं असतं. म्हणून फ्लँजमधले ते २.१ कुठल्या हिशेबात वापरू नका. तसंच, १०० किलोन्यूटनला पूर्ण क्षेत्रफळ ५५३६ नं भागून ‘शिअर स्ट्रेस १८’ असं लिहिलेली गणनापत्रकं माझ्यासमोर आली आहेत. खरा जास्तीत जास्त स्ट्रेस ५०, म्हणजे त्यांच्या पावणेतीनपट.

डिझाइनला एवढं परवलय लागत नाही. आयएस ८००:२००७ मध्ये रोल्ड सेक्शनसाठी शिअरचं क्षेत्रफळ म्हणून पूर्ण उंची गुणिले वेबची जाडी घेतात, इथं ३०० गुणिले ७.५, म्हणजे २२५० चौमिमी. फ्लँज हिशेबात धरतच नाहीत. सरासरी ४४.४ येते, खऱ्या ५०.४ पेक्षा थोडी कमी. पण वेबचा मध्य आधी यील्ड झाला तरी वरखालचा भाग पुढचा भार घेतो, म्हणून ही सरासरी चालते. यील्ड २५० च्या लोखंडाला शिअरमध्ये डिझाइन ताकद १३१ न्यूटन प्रति चौमिमी धरतात. तुमच्या गर्डरवर दीडपट भार धरून ६७ येतात. अर्धीच ताकद वापरली जातेय. मोमेंटही दीडपट करून १३५ होतो आणि गर्डरची क्षमता सुमारे १४८ आहे, वरचा फ्लँज प्लॅटफॉर्मच्या प्लेटनं आडवा धरलेला असेल तर. भोक नसेल तोवर गर्डर पास.

आता ते १५० चं चौकोनी भोक वेबच्या मधोमध, कॉलमपासून ४५० वर पाडू. इनर्शिया कितीनं घटला? फक्त अडीच टक्क्यांनी. हा आकडा बघून कुणालाही वाटेल की काहीच बिघडलं नाही. मिस्त्रीचा आत्मविश्वास येतो तो इथून. पण शिअरचं क्षेत्रफळ निम्मं झालं, २२५० चं ११२५. दीडपट भारात सरासरी ६७ ची १३३ झाली आणि मर्यादा १३१ आहे. गर्डर इथंच नापास झाला, आणि अजून खरं संकट पुढंच आहे.

भोकाच्या जागी आता एक गर्डर उरलेला नाही. वर एक टी आणि खाली एक टी, प्रत्येक ७५ मिमी उंचीचा. दोघांना जोडणारा डिंक १५० मिमी लांबीत गायब आहे. शंभर किलोन्यूटन शिअर मात्र भोकाच्या अलीकडून पलीकडं न्यायचाच आहे, म्हणून प्रत्येक टी ५० किलोन्यूटन घेऊन स्वतः वाकतो. एका टोकाला एका बाजूनं, दुसऱ्या टोकाला उलट्या बाजूनं, इंग्रजी एससारखा. अभियंते याला व्हिरेंडेल वाकणं म्हणतात. भोकाच्या अर्ध्या लांबीवर, ७५ मिमीवर, ५० किलोन्यूटन म्हणजे मोमेंट पावणेचार किलोन्यूटन-मीटर. ऐकायला काहीच नाही. पण त्या बुटक्या टीचा इनर्शिया जेमतेम ६९.५ सेमी⁴ आहे. टीच्या उघड्या कडेवर, म्हणजे भोकाच्या कोपऱ्यात, स्ट्रेस ३२८ न्यूटन प्रति चौमिमी येतो. हा दीडपट भारावरचा नाही, रोजच्या भारावरचा. लोखंडाचा यील्ड २५०. यात त्या जागचा मूळ मोमेंट ४५ किलोन्यूटन-मीटरचा दाब-ताण अजून मिळवलेलाच नाही, तो आणखी ७५ च्या आसपास आहे. आणि गॅसनं कापलेल्या चौकोनाचा कोपरा हा असा धारदार की तडा तिथूनच सुरू व्हायचा.

हेच भोक गर्डरच्या मध्यावर, दोन पायांच्या बरोबर मध्ये पाडा. तिथं मोमेंट ९०, म्हणजे सगळ्यात जास्त. पण शिअर शून्य. टीला एससारखं वाकवणारं बळच नाही. वरच्या फ्लँजमध्ये दाब आहे, खालच्यात ताण आहे, आणि दोन्ही त्या टप्प्यात बदलत नाहीत, त्यामुळे वेबमधून काही ढकलायचं उरत नाही. नुकसान तेवढं अडीच टक्क्यांचं. ‘मोमेंट जास्त तिथं भोक नको’ असं सगळ्यांना वाटतं, आणि गर्डरच्या वेबच्या बाबतीत नेमकं उलटं असतं.

एक सावधगिरी मात्र पाळा. मध्यावर शिअर शून्य, हे तुमच्या दोन पायांच्या मांडणीमुळे आहे. मधोमध एकच मोटर किंवा एकच पाय बसवला असता तर शिअर कॉलमपासून मध्यापर्यंत सारखाच राहिला असता आणि भोकाला सुरक्षित जागा अशी उरलीच नसती. पोत्यांच्या थप्पीसारखा पसरलेला भार असेल तर शिअर कॉलमकडून मध्याकडं उतरत जातो, मग मधल्या एक तृतीयांश भागात बघायचं. भरताना थप्पी एकाच बाजूला लागणार असेल तर तेही धरायचं. भोक पाडण्याआधी शिअरचा आलेख कागदावर काढा, मोमेंटचा नाही.

मी हे एवढ्या आग्रहानं सांगतोय, कारण हे होऊन गेलेलं मी बघितलंय. लातूर भागातल्याच एका मिलमध्ये, तुरीचा हंगाम चालू असताना मला बोलावलं होतं. तक्रार एवढीच की एलिव्हेटरचा बूट घासतोय. वर चढलो तर कॉलमजवळच्या गर्डरच्या वेबमध्ये केबलसाठी चौकोनी भोक कापलेलं, आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत रंग केसासारख्या रेघांनी फुटलेला. उरलेल्या दोन कोपऱ्यांत काही नाही. तिरक्या जोडीतच रेघा असणं ही शिअरची खूण आहे. चौकोन शिअरमध्ये समांतरभुज होतो, त्याचे दोन कोपरे ताणले जातात आणि दोन दाबले जातात. मी टेपनं भोकाचे दोन्ही कर्ण मोजले. गॅसनं कापलेलं भोक मुळात कधीच काटकोनात नसतं, त्यामुळे एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. म्हणून भोकाच्या चारही कोपऱ्यांजवळ पंचनं ठिपके मारले, बिन भरलेली असताना ठिपक्यांमधले कर्ण मोजले, बिन रिकामी करायला लावली आणि पुन्हा मोजले. एक कर्ण किंचित आखडला, दुसरा तेवढाच वाढला. म्हणजे भोक भारासरशी तिरकं होत होतं, आणि रंग फुटलेले कोपरे यील्ड झाल्याची दाट शंका होती. त्याच दिवशी गर्डरखाली टेकू लावले आणि मगच पुढचं बोललो. तो गर्डर कोसळला असता की वाकून तसाच राहिला असता, हे मी सांगू शकत नाही. पण त्याखाली पोती शिवणाऱ्या बाया बसलेल्या होत्या.

जागा बदलता येतच नसेल तर मजबुतीचाही हिशेब देतो, म्हणजे ‘दोन पट्ट्या मारू’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल. भोकाच्या वरच्या आणि खालच्या कडेला, वेबच्या दोन्ही बाजूंना ५० बाय १० च्या आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या, तर टीचा इनर्शिया चौपटीनं वाढतो आणि कोपऱ्यातले ३२८ उतरून ५७ वर येतात. वाकण्याचा प्रश्न खरंच सुटतो. त्या पट्ट्या भोकाच्या दोन्ही टोकांपलीकडं पुरेशा पुढं न्याव्या लागतात, नाहीतर त्यांच्यात बळ उतरायला वेल्डच मिळत नाही. पण शिअरला या पट्ट्यांचा काही उपयोग नाही, त्याही फ्लँजसारख्या आडव्याच आहेत. १३३ चे १३३ राहतात. त्यासाठी उरलेल्या वेबला उभी प्लेट चिकटवून जाडी वाढवावी लागते, आणि डक्टची जागा, पट्ट्या, प्लेटा आणि इतकं वेल्डिंग एका ३०० च्या गर्डरवर मावत नाही. गोल भोक चौकोनी भोकापेक्षा बरं, कारण त्याला कोपरे नसतात आणि टी मध्येच बारीक असतो, टोकांकडं जाड होत जातो. १५० व्यासाच्या गोल भोकानं वाकण्याचा स्ट्रेस पुष्कळ कमी होतो. पण मधल्या रेषेवर क्षेत्रफळ तेवढंच जातं, म्हणून शिअरची अडचण तशीच राहते.

तेव्हा माझा सल्ला असा. डक्ट गर्डरखालून न्या, उंची मिळत असेल तर. नसेल तर त्याला वळण देऊन दोन पायांच्या मध्ये आणा, दोन्ही पायांपासून निदान ३०० मिमी दूर, कारण पायाखाली वेबला उभा दाब येतो आणि तिथं स्टिफनरची प्लेट लागू शकते, ती वेगळी तपासा. भोक शक्यतो गोल ठेवा, ड्रिल किंवा होल-सॉनं. चौकोनीच हवं असेल तर आधी चार कोपऱ्यांत २५ व्यासाची भोकं ड्रिल करा आणि मग गॅस कटर एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ चालवा, म्हणजे कोपरे गोल राहतात. कापलेली कड ग्राइंडरनं साफ करा. आणि मिस्त्रीला गर्डरवर खडूनं रेघ मारून द्या, कॉलमपासून बिनच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना. त्या रेघेच्या आत वेबला कटर लावायचा नाही, मग पाइप कुठलाही असो.